सहावा रकाना

तक्तेबाई हे नाव मीच ठेवलं. आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी टायपिस्ट, त्या साहेबांच्या सहायक वकील. सनद होती, काळा कोट होता, पण कोर्टात उभं राहून बोलायची वेळ आली की त्यांचा घसा बसायचा. एकदा जामिनाच्या अर्जावर त्यांनी तोंड उघडलं आणि न्यायाधीशांनी कुणी खोकतंय का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला आणि टेबल धरलं. केसचे कागद आले की सगळे जबाब त्या आधी एकदा नुसते वाचायच्या, कादंबरी वाचावी तसे. मग पेन्सिल घ्यायच्या.

माणूस पोलिसांना एक सांगतो, महिन्याने दुसरं सांगतो आणि कोर्टात तिसरंच. ही तफावत शोधून ओळीने मांडायची, म्हणजे उलटतपासाला उभं राहिलेल्या साहेबांना कागद चाळत बसावं लागू नये, हे त्यांचं काम. त्यांच्या तक्त्यात सहा रकाने असायचे. मुद्दा काय. पहिल्या जबाबात काय, कुठल्या पानावर. पुरवणी जबाबात काय. कोर्टात काय म्हणाला, हा रकाना कोरा, साक्ष चालू असताना भरायचा. पाचव्यात विचारायचा प्रश्न. सहाव्यात हेतू, म्हणजे या उत्तराचं शेवटच्या युक्तिवादात काय करायचं. सहावा रकाना साहेबांना कधी लागत नसे, पण बाईंना कागद अपुरा ठेवणं जमत नसे. मी म्हणायचो, बाई, हेतू तर सगळ्यांना ठाऊक असतो, पक्षकार सुटावा. त्या म्हणायच्या, भाऊ, तुम्ही टाईप करा.

या कामाने घरी त्यांचं भलं झालं नाही. नणंद लग्नातली गंमत सांगायला लागली की या म्हणणार, मागच्या वेळी तुम्ही म्हणालात नवरदेव उशिरा आला, आज म्हणताय नवरी रुसली होती. नणंदेने येणं कमी केलं. मुलगी कॉलेजातून आली की आधी म्हणायची, आई, जबाब आत्ता घेतेस की जेवल्यावर? नवरा स्वभावाने गरीब. तो बोलायचंच टाळायचा, आणि बाई म्हणायच्या, घरात कसा एकोपा आहे बघा. हसून म्हणायच्या, पण मला ते हसू आवडायचं नाही.

लिफ्टवाल्याची केस आली तेव्हा बाईंचे केस पिकायला लागले होते. लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक, तिशीतला, डोकं जरा गरम. एका मोठ्या इमारतीच्या सेक्रेटरीशी त्याची बाचाबाची झाली. लिफ्ट सारखी बंद पडते, काम नीट कर, असं सेक्रेटरी म्हणाला. त्यानंतर एक दिवस मध्ये गेला आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरीने वरच्या मजल्यावर लिफ्टचा दरवाजा ओढला, तो उघडला, आणि आत लिफ्ट नव्हती. माणूस थेट खाली गेला. दरवाजाच्या कुलपाची किल्ली लिफ्टवाल्याकडे असे. निष्काळजीपणा असता तर वर्ष-दोन वर्षांत सुटला असता. पण पोलिसांनी खून लावला, आणि तो सगळा एका वाक्यावर उभा होता. भांडताना लिफ्टवाला म्हणाला होता, “परवा तुला बघतो.” ऐकणारा एकटाच, इमारतीचा वॉचमन.

लिफ्टवाल्याची थोरली बहीण आमच्याकडे यायची. गणवेश शिवायच्या कारखान्यात बटणं लावायची, आईबाप गेल्यावर तिनेच भावाला वाढवलं होतं. यायची ती बाकावर टेकायची सुद्धा नाही, उभीच. एकच सांगायची, तो तुरुंगात कुणाशी भांडत नाही, बाई, आता अगदी शहाण्यासारखा राहतो. जणू शहाण्यासारखं राहिलं की तिथून सोडतात.

बाईंनी जबाब वाचले आणि मला हाक मारली. त्यांनी कधी मला वाचायला बोलावलं नव्हतं. वॉचमनचे दोन जबाब त्यांनी शेजारी शेजारी ठेवले होते. पहिला अपघाताच्या दुसऱ्या दिवशी घेतलेला, पुरवणी जबाब महिन्याभराने, सेक्रेटरीच्या घरच्यांनी वर तक्रार केल्यानंतरचा. पुरवणीत लिहिलं होतं, “परवा तुला बघतो.” पहिल्यात नुसतं, “परवा बघतो.”

“तुला नाही,” बाई म्हणाल्या. “भाऊ, यात तुला नाहीये.”

मला कळायला वेळ लागला. परवा तुला बघतो ही धमकी. परवा बघतो म्हणजे परवा येऊन लिफ्ट बघतो; कुठलाही कारागीर हेच म्हणतो, आणि बहुतेक वेळा येतही नाही. एका शब्दावर पोराचं आयुष्य अडकलं होतं. तो शब्द पहिल्या जबाबात नव्हता.

बाईंनी तक्ता केला. पहिली ओळ ‘तुला’ची. दुसरी ओळ, वॉचमन पहिल्या जबाबात म्हणतो भांडणाच्या वेळी मी फाटकाजवळच्या खोलीत होतो, पुरवणीत म्हणतो लिफ्टपाशी होतो. सेक्रेटरीच्या बायकोच्या जबाबात होतं की त्या वेळी वॉचमन पाण्याचा पंप लावायला मागे गेला होता. ती ओळ बाईंनी वेगळ्या कागदावर घेतली, कारण एकाचा जबाब दुसऱ्याच्या तोंडावर मारता येत नाही. साक्षीदाराला त्याच्या स्वतःच्याच आधीच्या बोलण्याने खोडता येतं. बायकोला पंपाबद्दल तिच्या साक्षीत सहज विचारायचं होतं.

पहिल्या ओळीच्या पाचव्या रकान्यात दोनच प्रश्न होते. पहिल्या जबाबाच्या वेळी ‘तुला’ हा शब्द पोलिसांना सांगितला होता का? सांगितला असेल तर तो लिहिलेला का नाही, काही कारण सांगता येईल का? बस. पुढे तपास अधिकारी साक्षीला आला की त्याच्याकडून एवढंच काढायचं, की त्या जबाबात साक्षीदाराने तो शब्द सांगितला नव्हता. वॉचमनला त्याहून जास्त बोलू द्यायचं नाही. आणि सहाव्या रकान्यात, हेतू म्हणून, बाईंनी लिहिलं, ‘तो लिफ्टबद्दलच बोलत होता.’ टाईप मी केलं. रकाने अरुंद होते, पाचव्यातला मजकूर संपत होता तिथेच सहावा सुरू होत होता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

साक्षीच्या दिवशी कोर्टात पंखा करकरत होता. बहीण मागच्या बाकावर, भाऊ पिंजऱ्यात. सरकारी वकिलांनी आधी सरतपास घेतला, त्यात वॉचमनने पाठ केल्यासारखं सांगितलं, परवा तुला बघतो. बाईंनी चौथा रकाना भरला आणि तक्ता साहेबांच्या हातात दिला. साहेब उठले. त्यांना उलटतपासात एक रंग चढत असे, गवयाला चढतो तसा, आणि त्या दिवशी तो लवकर चढला.

पाचव्या रकान्यातले दोन्ही प्रश्न त्यांनी विचारले. वॉचमन म्हणाला, हो, सांगितला होता. का लिहिला नाही ते मला नाही सांगता येणार. न्यायाधीशांनी उत्तर लिहून घेतलं. हवं होतं ते मिळालं होतं. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. साहेबांनी तक्त्यावरून बोट पुढे सरकवलं, चष्मा वर केला आणि त्याच दमात वाचलं, “तो लिफ्टबद्दलच बोलत होता, हे खरं ना?”

बाईंनी साहेबांचा कोट मागून धरला. वकिलाचा कोट असा धरत नाहीत. पण प्रश्न तोंडातून गेला होता.

वॉचमन म्हणाला, “नाही साहेब. लिफ्ट तर भांडणाच्या दिवशी सकाळीच ठीक झाली होती. तोच मला म्हणाला, आता हिच्यात बघायला काही उरलं नाही.”

हे कुठल्याच जबाबात नव्हतं. खरं होतं की त्या क्षणी सुचलं, देव जाणे. लिफ्टवाला पिंजऱ्यातून मान हलवत पुटपुटत होता, नाही, लिफ्टचं सामान यायचं बाकी होतं, पण पिंजऱ्यातल्या माणसाची मान कोणी लिहून घेत नाही. बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. साहेबांनी सावरायला विचारलं, हे तू पोलिसांना सांगितलं होतंस का?

“मला कुणी विचारलंच नाही,” वॉचमन म्हणाला. “तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं.”

तो उद्धटपणे नाही बोलला. त्याला आमचं भलंच करायचं असावं असा चेहरा होता. सरकारी वकिलांनी फेरतपासात पुन्हा काही विचारायची तसदी घेतली नाही.

बाकीचं सगळं बाईंच्या तक्त्याबरहुकूम झालं. तपास अधिकाऱ्याने कबूल केलं की पहिल्या जबाबात तो शब्द नाही. सेक्रेटरीच्या बायकोने पंपाबद्दल आता आठवत नाही म्हटलं. निकाल आला तेव्हा न्यायाधीशांनी लिहिलं होतं, एका शब्दाची तफावत किरकोळ आहे, खऱ्या साक्षीदाराच्या जबाबात अशा किरकोळ तफावती असतातच. शिवाय लिफ्ट दुरुस्त झालेली होती हे बचाव पक्षाच्याच प्रश्नातून पुढे आलं आहे, तेव्हा बघण्यासारखं दुसरं काही उरत नव्हतं. जन्मठेप.

साहेब आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. बाईंना त्यांनी एक शब्दही बोल लावला नाही, आणि तेच बाईंना लागलं. मी म्हटलं, प्रश्न साहेबांनी विचारला, तुम्ही नाही. त्या म्हणाल्या, लिहिलं कुणी? मी म्हटलं, तुम्ही लिहिलं ते हेतू म्हणून. त्या म्हणाल्या, हेतू लिहून ठेवायची गरज काय होती, भाऊ, तुम्हीच म्हणायचात. मी हे थट्टेत म्हणायचो. त्यानंतर मला त्यांची थट्टा करवली नाही.

अपिलासाठी त्यांनी नवा तक्ता केला, पाच रकान्यांचा. अपिलात नवी साक्ष होत नाही, जे लिहिलं गेलं तेच वरचं कोर्ट वाचतं. ‘तुला’च्या ओळीखाली त्यांना वॉचमनचं ते उत्तरही घ्यावं लागलं, आणि समोर लिहावं लागलं, प्रश्न बचाव पक्षाचा. ती ओळ मी टाईप केली तेव्हा त्या खिडकीशी उभ्या होत्या. ही केस सुटणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बहीण फी विचारायला आली नव्हती, तारीख विचारायला आली होती. नेहमीसारखी उभीच राहिली. अपील कधी दाखल होणार, तिने विचारलं. साहेबांच्या हातात दुसऱ्याच केसचे कागद होते. मान वर न करता ते म्हणाले, “परवा बघतो.”

माझी बोटं टाईपरायटरवर थांबली. साहेबांनाही कळलं असावं, कारण त्यांनी कागद खाली ठेवले. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

बहीण जायला वळली. मग म्हणाली, “तो पण असंच म्हणाला होता, साहेब,” आणि परवा येते म्हणून गेली.