दिवसाची लाईट

विहिरीवर सौर पंप बसला, तेव्हा अंथुर्ण्याजवळच्या त्या वस्तीवर सगळ्यांत जास्त आनंद रोहिणीला झाला होता. का झाला, ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

लग्नानंतर काही महिन्यांपासून तिचा नवरा संदेश जेवण झालं की वाकळ खांद्यावर टाकायचा आणि विहिरीवरच्या खोलीवर जायचा. "लाईट रात्रीची हाय," एवढंच म्हणायचा. शेतकऱ्याच्या घरात या वाक्याला उत्तर नसतं. पंपाला वीज येईल तेव्हा, रात्री असो की दिवसा, पाणी धरायला जावंच लागतं. पण दिवसाची लाईट असायची त्या आठवड्यातही त्याला तिकडंच झोपायची सवय लागली होती. रोहिणी त्या लाईटीवर सवतीसारखी जळत राहिली. सौर पंपासाठी तिनंच कागद जमवले, तिनंच हेलपाटे घातले. वाटलं, सवत गेली की नवरा घरी येईल.

पंप आला. पाणी दिवसा वाहू लागलं. संदेश चार-आठ दिवस घरात झोपला आणि मग एका संध्याकाळी पुन्हा वाकळ खांद्यावर.

"आता कशाला?"

"डाळिंबाची राखण नको व्हय?"

डाळिंबं लिंबाएवढी होती. कोण चोरणार होतं ती? त्या दिवशी रोहिणीला कळलं, की हा माणूस लाईटीमुळं जात नव्हता. हा आपल्यापासून जात होता.

त्या रागातच तिनं त्याला बारामतीला नेलं. नाहीतर घरातलं बोलणं बाहेर नेणारी ती नव्हती. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, नवरा-बायकोच्या अडचणी बघणाऱ्या. संदेश खाली मान घालून बोलला. लग्नाच्या पहिल्या दिवसांत सगळं ठीक होतं. जसजशी ओळख वाढली, माया वाढली, तसतसं अंगातलं बळ ऐनवेळी निघून जाऊ लागलं. बाजारातल्या तंबूवाल्या वैदूकडून आणलेली चूर्णंसुद्धा खाऊन झाली होती.

"पहाटे जाग येते तेव्हा शरीर ठीक असतं?" बाईंनी विचारलं.

"व्हय."

बाईंनी तपासण्याही करून घेतल्या. सगळं नीट निघालं. मग त्यांनी भलताच प्रश्न काढला. लहानपणी रडलात तर कोण यायचं?

संदेशला आठवेना. सहाव्या वर्षी त्याला इंदापूरला चुलत्याकडं शिकायला ठेवलं होतं. त्याची आई, कुशाबाई, आजही शेजारणींना कौतुकानं सांगते, "तापानं फणफणला तरी हूं की चूं न्हाय केलं माझ्या लेकरानं." रडलं तर कुणी येत नाही, उलट हसतात, हे त्या लेकरानं शिकून घेतलं होतं. मग त्यानं हाक मारणंच सोडलं.

रोहिणीचं माहेर सुप्याकडचं, कोरडवाहू. तिची आई एक दिवस मांडीवर घेऊन डोक्याला तेल लावायची, दुसऱ्या दिवशी "मर तिकडं" म्हणून ढकलायची. शाळेतून आली की रोहिणी दारात थांबून भांड्यांचा आवाज ऐकायची आणि आज कुठली आई आहे ते ओळखायची. आता ती संदेशच्या मोटारसायकलचा आवाज तशीच ऐकते. स्टँड जोरात लावला की हातातलं काम टाकून दाराशी येते. तो शेतात असला की फोन, उचलला नाही की पुन्हा फोन. "कुठं हाय? रागावलाय का? माझं काय चुकलं?"

आणि अंथरुणात? मन नसलं तरी ती कधी नाही म्हणाली नाही. डोळे उघडे ठेवून ती त्याचं तोंड वाचत राहायची. जमलं तर मी हवी आहे, नाही जमलं तर नकोशी. स्वतःच्या अंगाला काय वाटतंय, ते तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"यांना माया वाढली की कोंडल्यासारखं होतं, आणि तुम्हाला जरा अंतर पडलं की टाकून दिल्यासारखं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मागं लागता म्हणून ते पळतात, ते पळतात म्हणून तुम्ही मागं लागता. दोष अंगात नाही. ही लहानपणीची सवय आहे, आणि सवय बदलते. सावकाश."

त्यांनी सांगितलं, काही दिवस संबंधाचं नावच काढू नका. नुसता हात, नुसती पाठ. काही जमवायचं नाही, काही सिद्ध करायचं नाही. जीव गुदमरला तर संदेशनं सांगून बाजूला व्हायचं आणि परत कधी येणार तेही सांगायचं. रोहिणीनं तोवर मागं जायचं नाही.

घरी आल्यावर त्यांनी तसं केलं. एका संध्याकाळी संदेशनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि इंदापूरचं सगळं सांगितलं. चुलत्याच्या घरात जिथं तो रडू दाबून बसायचा, तो कोपरासुद्धा. रोहिणीनं डोळे मिटले. पहिल्यांदाच तिला त्याचं तोंड बघावंसं वाटलं नाही. त्याच्या तळहाताची ऊब तिला कळत होती.

आणि दुसऱ्या दिवशी भाकरी जाड झाली, फोनवर फार बोलतेस, चालतेस कशी, असे दहा दोष काढून तो न सांगता खोलीवर निघून गेला. आज तिसरा दिवस.

रोहिणीनं पिशवी भरली. सासूनं विचारलं, "कुठं गं?"

"सुप्याला. तुमचा लेक बोलला न्हाय तर उद्याच्या पहिल्या एसटीनं."

"अगं, पुरुषमाणूस हाय. माझा संदेश कदी रडला न्हाय..."

"त्याचंच फेडतीय मी, आत्या!"

कुशाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

भर उन्हात रोहिणी विहिरीवर गेली. संदेश सौर पंपाच्या काचेच्या पाट्या पुसत होता. ती खोलीत शिरली, वाकळ ओढून काढली आणि शेततळ्यात फेकली.

"येडी झालीस का?"

"व्हय! इतके दिवस लाईटीला शिव्या दिल्या मी! रंग उजळायचं मलम लावलं, उपास केले. वाटायचं माझ्यातच खोट हाय. आन तुमी त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला, मन उघडं केलं, आन त्याचाच राग माझ्या भाकरीवर काढला!"

"मला हितं बरं वाटतं. एकट्याला."

"मग तसं बोला की! डाळिंबाच्या आडोशाला का लपता?"

संदेशनं फडकं पिळून खांद्यावर टाकलं. मग म्हणाला, "तू सारखी माझ्या तोंडाकडं बघतीस. पेपर तपासल्यागत. मला वाटतं, मी नापास व्हणार. आन त्या दिवशी... त्या दिवशी तू बघत नव्हतीस. लई बरं वाटलं. त्याचीच भीती वाटली."

"कसली भीती?"

"सवय लागंल म्हणून. आन मग तूबी न्हाय आलीस तर?"

रोहिणीचा राग विझला नाही. उलट तो फिरला. त्या चुलत्याच्या घराकडं, सासूच्या त्या कौतुकाकडं, दारात उभ्या असलेल्या स्वतःच्या लहानपणाकडं. ती म्हणाली, "मी फोनावर फोन करणार न्हाय. पण तुमीबी पळायचं न्हाय. जायाचं तर सांगून जा. कधी येणार ते बोला."

"दिवेलागणीला येतो."

ती मागं न बघता घरी आली. दुपारभर हात फोनकडं जायचा आणि ती तो पदराला पुसायची. पिशवी दारातच होती. संध्याकाळी मोटारसायकल आली. स्टँडचा आवाज कसा होता हे ऐकायचं नाही म्हणून तिनं मुद्दाम तांब्या आदळला.

संदेश ओल्या वाकळेचा गोळा घेऊन आला. ती त्यानं अंगणातल्या तारेवर वाळत घातली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर ओट्यावर बसला.

"आलो."

"आलात म्हणून राग गेला असं समजू नका."

"न्हाय समजत."

"लई बोलणार हाय मी. आज. सगळं."

त्याचे पाय उठायला बघत होते. ते तिला दिसलं. त्यानं ओट्याची कड धरली.

"बोल," तो म्हणाला. "बसलोय."