सरांचा थांबलेला इतिहास

बाबा सांगलीकडच्या एका शाळेत तीस-बत्तीस वर्षं इतिहास शिकवत होते. आई गेल्यापासून हिवाळ्यात ते आमच्याकडे येतात, म्हणजे झिरकपूरच्या फ्लॅटमध्ये. मी बँकेत आहे. बदली चंदीगडला झाली तेव्हा तीन वर्षांचा वायदा होता, आता सहावं चालू आहे. रोज सकाळी सेक्टर १७ गाठेपर्यंत ट्रॅफिकमध्ये माझा जीव अर्धा होतो, त्यामुळे घरी आल्यावर मी फारशी गोड बोलत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या जिभेचा वाटा मोठा आहे.

त्या वर्षी बाबा थोडे विसराळू वाटायला लागले होते. चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर, हे तर जुनंच. पण एकदा ते शेजारच्या टॉवरमध्ये शिरले आणि आमच्याच नंबरच्या फ्लॅटची बेल वाजवून त्या सरदारजींना "तुम्ही इथे कसे?" असं विचारून आले. सरदारजींनी चहा पाजून परत पाठवलं. मी मात्र धसका घेतला आणि सेक्टर ३२च्या सरकारी दवाखान्यात मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली. बाबा "बघू या की," एवढंच म्हणाले.

आदल्या रविवारी दुपारी ते बाल्कनीतल्या उन्हातून ताडकन उठून स्वयंपाकघरात आले. हातात माझा जुना फोन, जो मी त्यांना व्हिडिओ बघायला दिला होता. चेहरा असा, जणू शाळेचा निकाल शंभर टक्के लागला आहे.

"अगं, मघाशी एका व्हिडिओत माझा उल्लेख होता! आपल्या गावच्या देवळामागची वीरगळ दाखवत होता एक पोरगा. म्हणाला, आम्हाला इतिहासाचे एक सर होते, वीरगळ बघायला नेलं की आधी चपला काढायला लावायचे. चपला काढायला लावणारा मीच की गं!"

वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा दगड. त्यापुढे बाबा खरंच पोरांना अनवाणी उभं करायचे.

"दाखवा," मी कणीक मळता मळता म्हटलं.

तो व्हिडिओ सापडेना. त्यांनी शोधून पाहिलं, पण व्हिडिओचं नाव त्यांच्या लक्षात नव्हतं आणि 'वीरगळ' लिहिल्यावर भलतीकडचेच दगड निघत होते. मी हात धुऊन फोन घेतला, पाहिलेल्या व्हिडिओंची यादी उघडली, भराभर खाली सरकवली. वीरगळ नाही, देऊळ नाही.

"पाहिलेलं सगळं यात येतं, बाबा. यात नाहीये. उन्हात डुलकी लागली असेल आणि स्वप्न पडलं असेल."

"असेलही," ते म्हणाले.

जन्मात कधी या माणसाने "असेलही" म्हटलं नव्हतं. सनावळीवरून ते पाठ्यपुस्तकाशी भांडायचे. आता ते मुकाट बाल्कनीत जाऊन बसले आणि फोन उलटा ठेवला. मला रडू आलं. कणकेत पाणी जास्त झालं ते वेगळंच.

माझी मुलगी नववीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतून येतं. ती आजोबांजवळ गेली. "आजोबा, पक्का देखा था?"

"देखा था, बेटा. पण तुझी आई म्हणते नाही, तर नसेल."

"एक मिनिट." तिने फोन सरळ केला. "इन्कॉग्निटो में तो नहीं थे? उसमें सेव नहीं होता."

"ते काय असतं?"

"मतलब नहीं थे." मग तिने वरच्या कोपऱ्यातला खात्याचा फोटो पाहिला. खातं माझंच होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. दुसऱ्या खात्यावर पाहिलं असतं तर नोंद तिकडे गेली असती, हे तिने मला समजावलं, जणू मीच आजोबा. चॅनलवाल्यानेच व्हिडिओ काढून टाकला असेल का, असंही ती पुटपुटली. मग यादी पुन्हा वरपासून बघायला लागली आणि थांबली.

"मम्मा, तुमने डेट नहीं देखी? सबसे ऊपर वाला वीडियो दिवाळी का है! उसके बाद कुछ भी नहीं है."

मी पाहिलं. सगळ्यात वर चकली कडक का होते, हा मी पाहिलेला व्हिडिओ. त्यानंतर दोन महिन्यांत या घरात कुणी काहीच पाहिलेलं नव्हतं. बाबा तर रोज चार तास बघतात!

तिने यादीच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले, सगळा इतिहास सांभाळायचं पान उघडलं आणि तिथे नोंदी ठेवायच्या सेटिंगमध्ये गेली. फोन बाबांसाठी मराठीत करून दिलेला होता. तिने अक्षरं जुळवत मोठ्याने वाचलं, "पाहण्याचा... इतिहास... थांबवला आहे."

बाबा खुर्चीत ताठ बसले. "इतिहास थांबवला? कुणी?"

कुणी, ते मला त्याच क्षणी आठवलं. दिवाळीतच माझ्या फोनवर भरतकाम आणि रेसिपी दिसायच्या बंद होऊन नुसत्या कुस्त्या, किल्ले आणि विहीर खोदणारी यंत्रं दिसायला लागली होती. खातं एकच ना! बसमध्ये वैतागून मी कुठेतरी वाचलं तसं ते सेटिंग बंद करून टाकलं. एका फोनवर बंद केलं की त्या खात्याच्या सगळ्या फोनवर बंद होतं, हे ध्यानात आलं नाही. आणि बंद केल्याचंही साफ विसरले.

"मी," मी म्हटलं. "बाबा, माझी चूक झाली."

मुलीने ते चालू केलं. बाबांनी लगेच विचारलं, "मग आता दिसेल?"

"नहीं आजोबा. बंद था तब जो देखा, वो लिखा ही नहीं गया. अब से लिखेगा."

"म्हणजे मधले दोन महिने अंधारयुग," बाबा म्हणाले. पण आवाजात जीव आला होता. "आणि मी तो व्हिडिओ पाहिला नव्हता, असं यावरून सिद्ध होत नाही. नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असं नसतं. आठवीच्या पहिल्या तासाला शिकवायचो."

"आजोबा, अंगूठा दबाया था?"

"दाबणारच की! पोराने चांगलं काम केलं तर शेरा नको द्यायला?"

ती किंचाळलीच. आवडलेल्या व्हिडिओंची यादी वेगळी असते, इतिहास बंद असला तरी अंगठा तिथे नोंदला जातो. तिने ती उघडली. माझ्या नावावर कुस्त्या, विहिरी, रोपवाटिका, एका म्हशीचं बाळंतपण. बाबांनी प्रत्येकाला शेरा दिला होता. आणि वरून चौथा व्हिडिओ, 'आमच्या गावचा विसरलेला दगड'.

तिघांनी डोकी जोडून पाहिला. पोरगा पस्तिशीचा असेल. चपला काढणाऱ्या सरांचं वाक्य आलं, आणि कॅमेरा खाली वळला. तो स्वतः अनवाणी उभा होता. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "परत लाव."

सहा वेळा पाहून झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, मंगळवारची अपॉइंटमेंट रद्द करते."

"रद्द कशाला करतेस?" बाबा म्हणाले. "नुसतं नाव बदल. मी येतो तुझ्याबरोबर."