गप्प राहणाऱ्यांचं मूल

माझ्या थोरल्या जाऊबाई भिडस्त. दुकानदार सुटे पैसे द्यायला विसरला तरी मागणार नाहीत. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. पण गळा असा गोड की जिम्नॅस्टिक्सच्या क्लासमध्ये सरांनी त्यांना क्लिपांमध्ये बोलायचं काम दिलं. मी तिथेच फीच्या खिडकीशी बसते.

मुलांची क्लिप करायची ठरली, तेव्हा पालकांना कॅमेऱ्यासमोर काय विचारायचं यावर जाऊबाई चार दिवस भाजी निवडतानाही पुटपुटत होत्या. शेवटी जमलं: "तुमचं मूल क्लिपमध्ये दिसलेलं चालणार असेल, तरच तसं सांगा. जे गप्प राहतील त्यांचं मूल आम्ही दाखवणार नाही. कारण विचारणार नाही, आणि मुलाचा क्लास नेहमीसारखाच चालेल."

सर म्हणाले, "एवढं लांबण? लोकांना वाटेल ऑपरेशनच आहे."

शूटिंगच्या दिवशी त्यांनी माइक स्वतःच घेतला. बाकांवर बसलेल्या आईबापांकडे कॅमेरा वळवला आणि हसून विचारलं, "कोणाची हरकत नाही ना?" आता भरल्या हॉलमध्ये, लाल दिवा डोळ्यांसमोर असताना, कोण हरकत घेणार? सगळे हसले. मागच्या बाकावरची एक आई तेवढी खाली बघत राहिली.

जाऊबाईंनी तिला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. ती म्हणाली, "सगळ्यांसमोर नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. माझ्या मुलीच्या बाबांना आम्ही कुठे राहतो ते कळता कामा नये. मारतात हो ते."

"तुम्ही काळजी करू नका. क्लिपमधून तिला काढून टाकायला मी सांगते," जाऊबाई म्हणाल्या. आणि सांगितलंही, माझ्यासमोर. सर मोबाइलमधून मान वर न करता "हो हो" म्हणाले.

क्लिप इंटरनेटवर आली. पोरीची चक्री सगळ्यांत सुरेख म्हणून तीच पहिली, मागे भिंतीवर क्लासचं नाव. मला सरांचा गळा धरावासा वाटला.

आठवड्याच्या आत पोरीचा बाप तिची चौकशी करत क्लासच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. त्या दिवशी पोरगी आली नव्हती, हे नशीब. जाऊबाईंनी तिच्या आईला फोन केला आणि आम्ही दोघी धावत तिच्या खोलीवर गेलो. ती कपडे पिशवीत कोंबत होती. पोरगी बूट घालून दाराशी बसली होती.

जाऊबाईंना रडू आवरेना. "मी सांगितलं होतं हो सरांना."

"माहीत आहे," ती पिशवी बांधत म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका म्हणालात, म्हणून तर मी थांबले. नाहीतर त्याच संध्याकाळी निघणार होते."