फॅक्टशीटमधली दुसरी ओळ

आमच्या वहिनी सतरा वर्षं म्युच्युअल फंड वितरक म्हणून काम करतायत. मी त्यांचा दीर. फॉर्म भरतो, सह्या घेतो, कागद स्टेपल करतो. झेरॉक्सच्या दुकानावर आमची एक खोली आहे आणि तिच्यातला पंखा चालतो कमी, कुरकुरतो जास्त.

दर महिन्याला फंडांच्या फॅक्टशीट येतात. एका पानावर फंडाची सगळी कुंडली. लोक परताव्याचा आकडा बघून हुरळतात. वहिनी तो शेवटी बघतात. आधी लाल पेन्सिलीने तीन खुणा: पहिल्या दहा शेअरांत किती टक्के पैसा आहे, वर्षभरात खरेदी-विक्रीची उलाढाल किती, आणि व्यवस्थापक कधीपासून आहे.

"परतावा माणसाने मिळवलेला असतो, भाऊजी," त्या म्हणतात. "तो माणूसच गेला असेल तर त्या आकड्याचं काय लोणचं घालायचंय?"

परवा दुपारी त्यांनी एक ताजी फॅक्टशीट हातात घेतली आणि बराच वेळ खालीच ठेवली नाही. उलाढाल १.३. वर्षापूर्वी ती ०.२ होती, म्हणजे हा फंड घेतलेले शेअर वर्षानुवर्षं सांभाळायचा. आता सरासरी वर्षाच्या आतच सगळं बदलून होत होतं. पहिल्या दहांतला पैसा अडतीस टक्क्यांवरून एकसष्टवर गेलेला.

"स्वभाव बदललाय," वहिनी म्हणाल्या. "पण माणूस तर नऊ वर्षांचा जुना आहे."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि व्यवस्थापकांची नावं पुन्हा वाचली. नावं दोन होती. नऊ वर्षांवाले पहिले गृहस्थ फक्त परदेशी गुंतवणूक बघत होते, आणि परदेशात फंडाचा पैसा होता चार टक्के. बाकी सगळं दुसऱ्या ओळीतल्या माणसाच्या हातात होतं. आधीचा माणूस गेल्यावर तो आला, त्याला पाचच महिने झाले होते.

वहिनींनी तीन महिन्यांपूर्वीचा कागद काढायला लावला. तेव्हाही दोन नावं होतीच. उलाढाल तेव्हाच ०.७ झालेली, आणि शेजारी त्यांच्याच हातचं लाल प्रश्नचिन्ह. पहिल्या नावापुढचे 'नऊ वर्षं' बघून त्या पुढे गेल्या होत्या. त्याच कागदाच्या भरवशावर आमच्या एका ग्राहकाने, नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाईंनी, निवृत्तीचे सगळे पैसे या फंडात टाकले होते.

"फोन करू का?" मी विचारलं.

"फोनवर सांगायची गोष्ट आहे ही?"

नर्सबाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट बंद होती. प्रत्येक जिन्यावर वहिनी कठडा धरून थांबल्या. मी काहीबाही बोलत होतो, बाजार काय, वर येईल काय.

वर गेल्यावर त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "बाई, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. हा फंड चालवणारा माणूस नवीन आहे. तो वाईट आहे असं मी म्हणत नाही, पाच महिन्यांत ते कळत नाही. पण तुम्हाला जुना सांभाळून खेळणारा हात हवा होता, आणि तो तेव्हाच गेला होता. मी नाव वाचलं, त्याचं काम वाचलं नाही."

"आता काढले तर?"

"भाव थोडा खाली आहे. शिवाय वर्षाच्या आत काढले म्हणून एक टक्का कापतील."

नर्सबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं.

"हे तुमचं?"

"माझंच."

"आमच्या वॉर्डात," नर्सबाई सावकाश म्हणाल्या, "जोखमीच्या इंजेक्शनची बाटली दोघींनी वाचायची, असा नियम होता. एकीचे डोळे थकतातच. तुमच्याकडे दुसरं कोण वाचतं?"

मी खिडकीकडे बघायला लागलो. तो कागद मीच फॉर्मला स्टेपल केला होता. सतरा वर्षांत असे हजारो केले असतील. एकही वाचला नव्हता. वहिनी आहेत की, म्हणून.

माझ्याकडे बोट दाखवायला वहिनींना वेळ लागला नसता. त्या म्हणाल्या, "कोणी नाही."

"काढा पैसे," नर्सबाई म्हणाल्या. "बँकेत ठेवीन. पुढचं पुढे बघू."

पैसे काढायचा फॉर्म मी भरला. अक्षर इतकं वाईट आलं की पुन्हा भरावा लागला. जिना उतरताना वहिनी एकदाच बोलल्या, "दमले हो मी, भाऊजी." मला फार लाज वाटली.

खोलीवर आलो तर बाकीच्या फॅक्टशीटचा गठ्ठा टेबलावर तसाच होता. वहिनी खुर्चीत टेकल्या आणि त्यांनी डोळे मिटले. मी स्टेपलर बाजूला सारला, वरचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचायला लागलो. व्यवस्थापक, पहिलं नाव, काय बघतो, कधीपासून. दुसरं नाव.

"हळू," डोळे न उघडता वहिनी म्हणाल्या. "दुसरं परत वाचा."