दिव्याखालचं जांभळं

आमच्या अमरावतीच्या नाट्यमंडळात कपडेपट म्हणजे वकिलांच्या घरची कपाटं. ज्याच्या घरी जे भारी असेल ते मागून आणायचं आणि ज्याला जे अंगाला बसेल त्यानं ते घालायचं. एका वर्षी याचा असा काही बोजवारा उडाला की मी आजही आठवून एकटाच हसतो. रंगमंचावर उपाशी विधवा झोळी पसरते आहे, आणि अंगावर हातभर जरीचा पदर! कारण ज्यांनी लुगडं दिलं त्या बाईंची अट होती की ते नायिकेनंच नेसलं पाहिजे. बायकांच्या बाजूनं मोठ्यानं आवाज आला, "अवं माय, हे तं माह्यं लुगडं!" मग शेजारची म्हणाली, सासूच्या अंगावरचं माझं आहे. पुढचा अर्धा अंक कोणाचं काय हे ओळखण्यात गेला. विधवा मेली तरी कोणाचं लक्ष नव्हतं.

मी तेव्हा शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो आणि स्वतःला रंगांतलं फार कळतं असं समजत होतो. तावातावानं उठलो आणि मंडळाच्या अध्यक्षांना, म्हणजे एका जाड्या, भल्या वकीलसाहेबांना, सांगितलं की पुढच्या नाटकाचे कपडे आणि पडदे मी करतो, तेही उसनं एक सूतसुद्धा न आणता.

"अकोल्याले प्रयोग आहे," ते म्हणाले. "तिथं हसले ना लोक, तं मी नागपूरहून भाड्यानं कपड्यांच्या पेट्या आणीन. अन् तुमी जन्मभर पडद्यामागं बसून प्रॉम्प्टिंग कराल."

नाटक साधंच होतं. एका मातकट, कोंदट घरात एक हसरी मुलगी लग्न होऊन येते, घर तिला हळूहळू गिळतं आणि शेवटी ती विधवा होते. मी म्हटलं, मग घरच मातकट करू. कापसाच्या जिनातून फाटके गोणपाट आणले, शिवून भिंती केल्या आणि त्यांवर काळी माती, खडू आणि सरस कालवून हात मारला. ओला असताना रंग इतका काळा दिसला की माझं धाबं दणाणलं. वाळल्यावर तो छान फिकट, धुरकट झाला. सरस कमी पडला होता, म्हणून जो टेकेल त्याची पाठ पांढरी व्हायची. पुन्हा सरस घालून दुसरा हात दिला.

कपड्यांना एकच मांजरपाट. सासू, सासरा, दीर सगळे काताच्या पाण्यात बुडवलेल्या तपकिरीत. सासू भिंतीपुढे उभी राहिली की भिंतच बोलते आहे असं वाटायचं. त्या सगळ्या घरात रंग एकटीच्याच अंगावर, त्या मुलीच्या. कोणता, ते ठरवायचं होतं.

रंगवायचं काम आमच्या आत्यानं अंगावर घेतलं. आत्या नवव्या वर्षी विधवा झालेली, केस काढलेली, तेव्हापासून अंगावर आलवण. बिनकाठाचं, विटकरी लाल लुगडं, दुसरं काही नाही. पण रंगाचा डोळा असा की मी दोन पुड्या मिसळायचो आणि ती चुलीपासून ओरडायची, "निळा कमी पडला रे मास्तर!" मुलीचा रंग कोणता असावा हे मी सहज विचारलं. ती जराही थांबली नाही.

"जांभळा. माह्या लग्नातलं तसं होतं. चार दिवस नेसली मी ते. मंग कुठं गेलं कोणास ठाऊक."

तिनं पितळी पातेल्यात पुडी कालवली, मीठ घातलं, काठीनं ढवळत राहिली. दोरीवर वाळत घातलेलं जांभळं लुगडं पाहून तिला इतकं हसू येत होतं की आईनं दोनदा विचारलं, "वन्सं, बरं वाटतं ना?"

रंगीत तालीम आमच्याच माजघरात घेतली. भर दुपारी दारं-खिडक्या गोणपाटानं बंद केल्या आणि पुढ्यात पत्र्याच्या आडोशामागे रॉकेलचे दिवे लावले, कारण प्रयोगही त्याच दिव्यांवर होणार होता. नायिका करायचे एक वकिलांचे कारकून, मिशी काढलेले आणि कमरेत लचकणारे. ते जांभळं नेसून नव्या नवरीच्या ठुमक्यात उंबरा ओलांडून आले.



जांभळं कुठे होतं? त्या पिवळ्या उजेडात निळा पार बुडाला होता आणि उरला होता विटकरी लाल. नवी नवरी आलवण नेसून माप ओलांडत होती! अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. कारकुनांना काही कळेना, ते लाजतच राहिले. स्वयंपाकघराच्या दारातून आत्याचा आवाज आला.

"काहून रे, हे तं माह्यंच लुगडं नेसलं त्यानं."

कोणी हसलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "जांभळा नको आता. उद्याच पेट्यांसाठी तार करतो." मी आत्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं मनातली सांगितलेली ही एक गोष्ट, आणि तीही मी घालवली होती.

पण आत्या रडणाऱ्यांतली नव्हती. तिनं कारकुनांना दम भरला, "फेडा ते!" ते बिचारे धोतर शोधत पळाले. तिनं पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं, निळी पुडी ओतली आणि मला सांगितलं, "दिवा आण. उन्हात पाहूनच घोटाळा केला आपण."

मग संध्याकाळपर्यंत आमचं वेड चाललं. बुडवायचं, पिळायचं, टोक वाळवायचं, अंधाऱ्या माजघरात दिव्यापुढे धरायचं. ती म्हणायची, "अजून." पुन्हा बुडवायचं. उन्हात ते लुगडं शाईच्या दौतीत पडल्यासारखं निळं दिसू लागलं, आणि अध्यक्ष दारात उभे राहून "अहो, हे निळं आहे!" म्हणून ओरडत होते. आत्यानं त्यांना हाताला धरून आत ओढलं आणि दिव्यापुढे उभं केलं.

"पाहा आता."

जांभळं! पिकल्या जांभळासारखं, भरलेलं. अध्यक्ष नुसते "अरेच्चा" म्हणाले. आत्याचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते आणि ती त्याच हातांनी डोळे पुसत हसत होती. सगळा चेहरा निळा. आम्ही सगळेच येड्यासारखे हसत सुटलो.

शेवटच्या अंकाचं लुगडं उरलं होतं. तिनं आपलं दुसरं आलवण घडी करून माझ्या पिशवीत ठेवलं. "हे तरी दिव्याखाली बदलत नाही," ती म्हणाली.

अकोल्याला प्रयोग झाला. ती काही आली नाही, तिला कोणी नेलंच नसतं. मी परतलो तेव्हा ती अंगणात गहू निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं,

"कोणी म्हटलं का, जांभळं?"

"पडदा उघडल्याबरोबर. बायकांतून आवाज आला, काय सुंदर जांभळं नेसली हो पोरगी!"

"अन् आलवणाले?"

"त्याला कोणी काही बोललं नाही, आत्या. सगळ्या बायका रडत होत्या."

तिनं सुपातले खडे काढून टाकले आणि ते जांभळं लुगडं मागून घेतलं. मंडळानं दिलं. थंडीत तिची नवी गोधडी झाली. बाहेरून जुन्या आलवणाचीच, लाल, कोणाला काही वेगळं वाटू नये अशी. एकदा ती आजारी असताना रात्री मी पांघरूण नीट करायला गेलो, तेव्हा कळलं, आतली सगळी बाजू जांभळी होती. उशाशी रॉकेलची चिमणी तिनं जळतीच ठेवली होती.