‘नाही’ म्हणायची सोय

मनोरुग्णांच्या वॉर्डात रुग्णांवर होणारी सक्ती हा माझ्या पीएचडीचा विषय. मुलाखतीचे प्रश्न मी भाईंदरच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोडून खोडून लिहिले. ‘तुम्हाला बांधलं होतं का?’ हा प्रश्न उत्तर आयतंच तोंडात घालतो, म्हणून उडवला. ‘सक्ती’ हा शब्दही समोरच्याने उच्चारला तरच आपण वापरायचा. सुरुवात साधी: ‘वॉर्डात आलात त्या दिवसाबद्दल सांगा.’ मग औषधं, इंजेक्शन, कुलूप, धमक्या. शेवटचा प्रश्न हलका, कारण एखाद्याला रडवून उठून यायचं नसतं.

सोबत स्वतःबद्दलची टिपणं: मी कोण, मला काय ऐकायला आवडेल. मी पूर्वी अशाच एका वॉर्डात समाजसेविका होते, हे पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मार्गदर्शक बाई खूश झाल्या. मग काय, मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली.

प्रश्न तपासायला एक मुलाखत आधी घ्यायची होती. ओपीडीतल्या सिस्टरनी जवळच्या तारोडी गावातली एक बाई सुचवली, वॉर्डातून घरी सोडलेली. मी तिच्या घरी पोचले, तसा ठरल्याप्रमाणे तिचा नवरा बाहेर गेला. मी संमतीपत्र वाचलं: भाग घ्यायचा नसेल तर घेऊ नका, कधीही थांबा, उपचारांवर परिणाम होणार नाही. माझं वाचून संपायच्या आत तिने सही केली. किती मोकळी बाई आहे, असं मला वाटलं.

ती सांगत गेली. डोळे तपासायला म्हणून घरच्यांनी नेलं, आत गेल्यावर दाराला कुलूप लागलं, इंजेक्शन देताना चौघांनी धरलं. मी पुढचा प्रश्न विचारला, “ताई, आपल्याला नाही म्हणता येईल, असं कधी वाटलं?”

“कधी? तेव्हा, का आता?”

“आता म्हणजे?”

“सिस्टरचा फोन आलेला. मॅडम येतायत, नीट बोल. न्हाय बोलले असते तर परत आत टाकलं असतं ना?”

उपचार ज्यांच्या हातात, त्यांच्याकडूनच मी निरोप धाडला होता. एवढे प्रश्न घासूनपुसून काय उपयोग? मी रेकॉर्डर बंद केला. कोणी आत टाकणार नाही, हे बोलणं मी पुसून टाकते, असं सांगितलं.

ती घाबरून उठली. तिने माझा हात घट्ट धरला. “पुसू नका मॅडम. माझं चुकलं का काय? परत चालू करा, नीट सांगते. डॉक्टर चांगलं हाय, सिस्टर चांगली हाय, जेवन पन चांगलं हाय. कोनी हात लावला न्हाय मला.”

मी परत परत सांगत राहिले, तुमचं काही चुकलं नाही. ती मान डोलवत होती, आणि तिचं सगळं लक्ष त्या बंद रेकॉर्डरकडे होतं.