टेबलावर एकच पेशंट

रक्तपेढीच्या खिडकीवर मी बसते. चिठ्ठ्या घेते, नमुने घेते, पिशव्या देते आणि नातेवाइकांची बोलणी खाते. माझ्या पाठीमागे काचेपलीकडे दोन टेबलं आहेत. एक दादांचं, एक एकेकीचं. एकेकी म्हणजे आमची तंत्रज्ञ. खरं नाव आता कुणी घेत नाही. कितीही घाई असो, ही बाई एका वेळी एकाच पेशंटच्या नळ्या टेबलावर काढते. दुसऱ्याचा नमुना आला तर तो फ्रिजमध्ये, नाहीतर आणणाऱ्याच्या हातात, पण तिच्या टेबलावर नाही. सुरुवातीला मला वाटायचं, ही उगाच नखरे करते. चिडचिड व्हायची माझी. खिडकीबाहेर माणसं माझ्या जिवावर उठलेली असायची आणि आत ही शांतपणे लेबल वाचत बसायची!

दादा, आमचे जुने तंत्रज्ञ, अगदी उलट. मोठ्या मनाचा माणूस. कुणी काही मागितलं की तोंडातून आधी "ठेव तिथे, बघतो" निघणार. त्यांच्या टेबलावर कायम तीन ट्रे. एकेकी नवीन होती तेव्हा तिला काम त्यांनीच शिकवलं. तिचे वडील आजारी होते तेव्हा तिच्या पाळ्याही त्यांनीच केल्या, आणि कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवसापर्यंत तरी नाही.

त्या दुपारी प्रसूतिगृहातून फोन आला. बाळ ठीक होतं, आईचं रक्त थांबत नव्हतं. एक पिशवी डॉक्टरांच्या सहीवर, पूर्ण जुळणी न करता, तातडीने गेलीच होती. आता जुळवलेल्या चार हव्या होत्या. जुळणी म्हणजे त्या बाईच्या रक्तातला पातळ भाग आणि प्रत्येक पिशवीतल्या रक्तपेशी वेगवेगळ्या नळीत एकत्र करायच्या, ऊब द्यायची, यंत्रात फिरवायच्या आणि गुठळ्या होतात का ते बघायचं. गुठळी झाली की ती पिशवी त्या पेशंटला चालत नाही. सांगायला सोपं आहे. करताना एका नळीवरचं नाव दुसऱ्या नळीला लागलं तर माणूस जातो.

एकेकीने नळ्या नुकत्याच उबेला ठेवल्या होत्या. तेवढ्यात दादा ट्रे घेऊन तिच्यापाशी आले. बॅग खांद्यालाच होती.

"ऐक ना, माझे हे दोन पेशंट आहेत. उद्या सकाळची ऑपरेशनं. तुझं यंत्र चालूच आहे, त्यातच फिरवून टाक. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचंय, किती दिवसांनी वेळ मिळालीय."

"दादा, आत्ता नाही जमणार मला," ती म्हणाली. मान वर केली नाही, पण आवाज मऊ होता. "त्या बाळंतिणीचं चाललंय. तिच्या पिशव्या बाहेर पडेपर्यंत मी दुसरं काही घेणार नाही."

"अगं, आत्ता कर कुठे म्हणतोय? तुझं झाल्यावर बघ."

"झाल्यावर त्यांना आणखी लागेल की नाही, मला माहीत नाही. करते म्हणून सांगितलं आणि नाही झालं तर उद्या तुमचे पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर अडकतील. आईंना न्यायलाच हवं, ते कळतंय मला. रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करू या. संध्याकाळच्या पाळीची मुलगी येईल, तिला समोर बसवून हातात द्या."

इथे दुसरं कुणी असतं तर "बघते" म्हणून सुटलं असतं. आमच्याकडे सगळे तसंच करतात. "बघते" म्हणजे होही नाही आणि नाहीही नाही. देणाऱ्याला वाटतं काम गेलं, घेणाऱ्याला वाटतं आपण काही कबूल केलं नाही, आणि नमुना मधल्यामध्ये पडून राहतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

दादांचा चेहरा उतरला. मग त्यांनी जे केलं ते मला मुळीच आवडलं नाही. ट्रे तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि म्हणाले, "ठेवतो इथे. जमलं तर बघ, नाही जमलं तर राहू दे. तुझ्या वडिलांच्या वेळी मी काही विचारत बसलो नव्हतो."

एकेकीचे कान लाल झाले. ती उठली, ट्रे दोन्ही हातांनी उचलला आणि दादांच्या हातात परत दिला.

"दादा, इथे नका ठेवू. टेबलावर राहिलं की ते माझं होतं, आणि मी ते घेतलेलं नाही. वडिलांच्या वेळचं मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण त्याची फेड या बाईच्या जिवावर नाही करायची मला."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि दादांकडे दिला. पलीकडून जे सांगितलं ते काचेतूनही ऐकू आलं. उद्याची कामं आहेत, नमुने फ्रिजमध्ये ठेवा, संध्याकाळच्या पाळीला स्वतः समजावून द्या, मग जा. दादांनी बायकोला फोन करून आईला घेऊन जायला सांगितलं. बॅग आपटली, ट्रे फ्रिजमध्ये ठेवला आणि आमच्याकडे पाठ करून आपल्या टेबलाशी बसले.

प्रसूतिगृहाचा पुन्हा फोन. "किती वेळ?" खिडकीबाहेर त्या बाईचा नवरा उभा होता. काही विचारत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. बोलणी खाल्लेली परवडली असं वाटलं मला. तीन नळ्या स्वच्छ होत्या. एकेकीने चौथी उजेडात धरली, हळूच हलवली, पुन्हा धरली.

"गुठळी आहे," ती म्हणाली. "ही नाही चालणार."

तीन पिशव्या लगेच सोडल्या. मग तिने नवी पिशवी काढली, नवी नळी घेतली आणि पहिल्यापासून लेबल वाचायला लागली. एकेक अक्षर. त्या कोपऱ्यावर आणखी दोघांच्या नळ्या असत्या तर, हा विचार माझ्या मनात आला. दादांनीही मान वळवून पाहिलं. उठले, फ्रिजमधून त्याच गटाची आणखी एक पिशवी काढून हातात तयार धरून उभे राहिले. टेबलावर ठेवली नाही.

ती लागली नाही. चौथी जुळली, गेली. बऱ्याच वेळाने प्रसूतिगृहातून निरोप आला की रक्त थांबलं. नवरा भिंतीला टेकून खाली बसला आणि मला, उगाचच, रडू आलं.

एकेकी हात धूत होती. दादा बाजूला येऊन उभे राहिले.

"ट्रे परत दिलास ना, तेव्हा कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला."

"मला काय बरं वाटलं का, दादा?" ती म्हणाली. "तुम्ही माझ्यासाठी केलंत तेव्हा तुमचं टेबल रिकामं होतं. आज माझं नव्हतं."

"रिकामं नव्हतं गं," दादा हळूच म्हणाले. "तेव्हाही दोन पेशंट होते माझ्याकडे. तुला नाही म्हणवलं नाही, एवढंच."

एकेकीने नळ बंद केला.

"ते दोघे बरे झाले का?" तिने विचारलं.

दादा म्हणाले, "हो. पण त्या दिवशी घरी जाऊन मी रात्रभर आठवत बसलो, कुठली नळी कुणाची होती."